नव्या घराच्या पहिल्या फोटोखाली काय लिहाल?

खोकी अजून उघडायची आहेत, पंखा एकाच खोलीत लागलाय, आणि फोटो टाकायची घाई झालीय. होऊ दे. अर्ध्या-पाऊण तासात आपण तीन-चार ओळी अशा लिहू, की वाचणाऱ्याला तुमच्या घराचा आनंद वाटेल आणि स्वतःच्या घराची लाज वाटणार नाही.

साहित्य थोडंच आहे: घरात काढलेले पाच-सहा फोटो, कोरा कागद, पेन आणि चार्ज केलेला फोन. मोबाइलवर थेट टाइप करायला बसू नका. फोटोखालची रिकामी चौकट दिसली की बोटं आपोआप "स्वप्नपूर्ती!" लिहून मोकळी होतात.

हाताशी एक उदाहरणही घेऊ. समजा, तुम्ही नवरा-बायको डोंबिवलीत भाड्याने राहत होतात आणि आता बदलापूरला वन बीएचके घेऊन राहायला आलात. बिल्डरने ताबा लांबवला, मधले महिने टांगणीला लागले, पण झालं एकदाचं. काल गॅस पेटवून दूध उतू घालवलं आणि फोटो काढले. आता बसा.

१. सगळे फोटो समोर घ्या आणि त्यातला एकच निवडा.

ज्या फोटोत दुसऱ्या कुणाचा हात, वस्तू किंवा खूण दिसते, तो घ्या. उंबरठ्यावर माप ठेवणारी आई चालेल, देव्हाऱ्याला खिळा ठोकणारे मामा चालतील. आपल्या उदाहरणात ओट्यावरचा फोटो आहे: काळा ग्रॅनाइट, कडेचं निळं प्लास्टिक अजून न सोललेली शेगडी, आणि तिच्यावर थोडं पोचे आलेलं जुनं पातेलं, ज्यातून दूध ओघळून बर्नरखाली गेलंय. हाच घ्या.

इथे चुकतं ते असं: मोबाइल आडवा धरून, दाराशी पाठ लावून, अख्खा हॉल बसवलेला फोटो निवडला जातो. त्या फोटोखाली संतवचन लिहिलंत तरी लोक फरशी आणि फॉल्स सीलिंगच बघतात. शिवाय पाहुण्यांनी भरलेला फोटोही आज नको. त्यात जे दिसतात त्यांच्यापेक्षा जे दिसत नाहीत ते जास्त बारकाईने बघतात.

२. निवडलेला फोटो बोटांनी मोठा करून चारही कोपरे तपासा.

किल्लीचे दाते स्पष्ट दिसतायत का? फोटोवरून किल्लीची नक्कल करता येते. ओट्यावर बँकेचं पाकीट, करारनामा, आधार कार्डाची झेरॉक्स पडलीय का? दारावरचा फ्लॅट नंबर आणि सोसायटीचं नाव एकाच चौकटीत आलंय का? आलं असेल तर तेवढा भाग कापा. आपल्या फोटोत शेगडीमागे टाइलवाल्याचं बिल टेकवून ठेवलंय, रकमेसकट. काप मारा.

३. कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याने केलेलं काम लिहा.

ही पायरी निवांत करा, सगळी मेहनत इथेच आहे. घर मिळेपर्यंत कुणी काय केलं ते आठवायचं. अट एकच: उजवीकडे डोळ्यांनी दिसेल असं काम हवं. "पाठीशी उभे राहिले", "आशीर्वाद दिले", "आधार दिला" हे बाद. उभे राहून नेमकं काय केलं ते लिहा.

आपल्या उदाहरणातला कागद साधारण असा भरतो.

बाबा: डाउन पेमेंटला कमी पडत होते ते पैसे त्यांच्या मुदतठेवीतून काढून दिले.

सासरे: नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळपासून नंबर लावून बसले, डबा तिथेच बाकावर खाल्ला.

ऑफिसातला मित्र: कर्जाच्या अर्जाला कुठले कागद लागतात त्याची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली, आणि फॉर्ममधली स्पेलिंगची चूक आधीच पकडली.

सुतार: राहायला यायच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत थांबून ट्रॉलीची अडकणारी चाकं बसवून गेला.

घरमालकीणकाकू, डोंबिवलीच्या: ताबा लांबला तेव्हा भाडेकरार संपूनही "घर मिळेपर्यंत राहा" म्हणाल्या, भाडं वाढवलं नाही. निघताना आमची सगळी भांडी खोक्यांत बंद झाली होती, म्हणून स्वतःचं पातेलं हातात दिलं: "खोकी उघडेपर्यंत दूध कशात तापवशील?"

बघा, पातेल्याचा मालक सापडला. आता "सर्वांचे मनःपूर्वक आभार" लिहायची वेळच येणार नाही.

तुमच्या कागदावर डावीकडे फक्त स्वतःचं नाव येत असेल तर मागे जा. भाड्याचं घर कुणी मिळवून दिलं होतं, टेम्पोवाल्याने कपाट कुठून चढवलं, साइट बघायला गेलात तेव्हा मुलाला कुणी सांभाळलं, हे एकेक विचारा. कागद भरतो.

४. यादीतल्या एकाच नावाभोवती गोल करा.

नियम सोपा: ज्याचं काम किंवा वस्तू फोटोत दिसते, त्याचं नाव. आपल्याकडे काकू.

आता तुम्ही म्हणाल, बाबांनी मुदतठेव मोडली आणि मान मालकीणबाईंना? होय. बाबांचे आभार चारचौघांत मानले की पैशाची गोष्ट चारचौघांत जाते, आणि ती त्यांना आवडेलच असं नाही. बाबांना आपण पुढच्याच पायरीत गाठणार आहोत. आणखी एक धोका तुम्हाला ठाऊक असेलच: माहेरचं नाव आलं आणि सासरचं राहिलं, किंवा उलट, तर पुढची दिवाळी त्यातच जाते. सगळी नावं घालून बघितलीत तर मजकूर लग्नपत्रिकेसारखा होतो आणि तरी एक काका राहतातच. एकाच बाहेरच्या माणसाचं नाव घेतलं की घरात तुलना होत नाही.

फोटोतलं माणूस घरातलंच असेल, समजा माप ठेवणारी आई, तर बेलाशक तिच्याभोवती गोल करा. फक्त मग दुसऱ्या बाजूच्या आईला फोटो जाण्याआधी फोन गेलेला असू दे.

५. यादीतल्या उरलेल्या प्रत्येकाला फोन करा.

मेसेज नको, फोनच. "बाबा, काल दूध उतू घालवलं. तुमची मुदतठेव आठवली," एवढं पुरे. सासऱ्यांना त्या बाकावरच्या डब्याची आठवण काढून द्या. सुताराला "ट्रॉली छान सरकतेय" एवढं सांगितलंत तरी चालेल.

हे फोन फोटो टाकण्याआधीच व्हायला हवेत. "आम्हाला काय, स्टेटसवरूनच कळलं," हे वाक्य एकदा ऐकलंत की मग कितीही सुंदर लिहा, उपयोग नसतो.

६. ज्याच्याबद्दल लिहिणार त्यालाही विचारा.

काकूंना फोन लावा आणि काय लिहिणार ते सरळ सांगा. त्या हसतील, "माझं कशाला," म्हणतील, आणि मग कदाचित म्हणतील, "लिही बाई, पण भाडं वाढवलं नाही ते नको लिहूस. खालच्या मजल्यावरचेही तेच मागतील."

झालं की नाही काम? तुमच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि तीच त्यांना अडचणीत टाकणार होती. कागदावरची ती ओळ खोडा. "घर मिळेपर्यंत राहा" हे त्यांचं वाक्य ठेवायला त्यांची हरकत नाही, तेवढं पुरेसं आहे. पैसे, आजार आणि घरातली भांडणं यांतलं काहीही मजकुरात येत असेल तर न विचारता लिहायचं नाही.

७. पहिलं वाक्य लिहा: फोटोत जे दिसतं, तेवढंच.

"नव्या घरातलं पहिलं दूध उतू गेलं."

बस. उद्गारचिन्ह नाही. "आज आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की" अशी सुरुवात झाली असेल तर ती सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी राखून ठेवा.

इथेच "माझं घर" की "आमचं घर" तेही ठरवून टाका. हप्ता दोघं भरणार असाल, किंवा एक भरणार आणि दुसरा घर सांभाळणार असेल, तरी "आमचं"च.

८. दुसऱ्या वाक्यात गोल केलेल्या माणसाला कर्ता करा.

काम त्यांनी केलंय, तर वाक्यही त्यांचंच हवं. "मला काकूंसारख्या मालकीणबाई लाभल्या हे माझं भाग्य" असं लिहिलंत की वाक्यात दोनदा तुम्हीच येता. त्याऐवजी असं:

"पातेलं आमच्या डोंबिवलीच्या काकूंचं. ताबा लांबला तेव्हा 'घर मिळेपर्यंत राहा' म्हणाल्या, आणि निघताना हे हातात दिलं, खोकी उघडेपर्यंत दूध तापवायला."

बिल्डरला इथे टोमणा मारायचा मोह होईल. "ताबा लांबला" एवढ्यावर थांबा. राग खरा असेल, पण त्याचा अर्ज वेगळा करायचा. या मजकुरात तो आला की लोक काकूंना विसरून ताब्याची तारीख विचारत बसतात.

९. शेवटचं वाक्य त्याच माणसाशी बोला.

"काकू, पातेलं न्यायला तुम्हीच यायचं. चहा आमच्याकडे."

आभार मानून दार लावून घेण्यापेक्षा हे बरं. मात्र "सर्वांनी अवश्य यावे" असं सरसकट आमंत्रण लिहू नका. लोक खरंच येतात, आणि तुमच्याकडे अजून दोनच खुर्च्या आहेत. वास्तुशांत पुढे करणार असाल तर तिचं आमंत्रण स्वतंत्र, ज्याचं त्याला.

१०. पेन पुन्हा हातात घ्या आणि बढाईचे शब्द शोधून खोडा.

मजकूर आपण सरळ लिहिला, तरी एकदा नजर फिरवाच, कारण हे शब्द मागच्या दाराने येतात. पहिल्या झटक्यात तुम्ही लिहिलं असतंत ते साधारण असं:

"अखेर स्वप्न साकार! कोणाच्याही मदतीशिवाय, स्वकष्टाने, तिशीच्या आत मुंबईजवळ स्वतःचा प्रशस्त फ्लॅट! सातव्या मजल्यावरून डोंगर दिसतो. ज्यांनी नावं ठेवली त्यांचेही आभार! देवाची कृपा."

एकेक काढू. "कोणाच्याही मदतीशिवाय" हे तर तिसऱ्या पायरीच्या कागदाने खोटं ठरवलंय, पहिली काट त्याला. "तिशीच्या आत" गेलं, कारण पस्तिशीतला भाऊ ते वाचणार आहे. "प्रशस्त", मजला, डोंगर, चौरस फूट, किंमत, कुठल्या कंपनीची फिटिंग, सगळं गेलं. ज्याला बघायचं तो घरी येऊन बघेल. "ज्यांनी नावं ठेवली" हे आधी खोडा आणि मग पुन्हा एकदा खोडा. ते दोघांना उद्देशून असतं आणि वीस जणांना लागतं. "अखेर" हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण त्यात वाट बघितल्याची बढाई असते. काढला तरी काही बिघडत नाही. "देवाची कृपा" मनापासून असेल तर राहू द्या. फक्त ती डोंगराच्या शेजारी नको, नाहीतर देवाने डोंगर तुम्हालाच दिला असा सूर येतो.

आणि खोटी नम्रताही याच पेनाने काढा. ऐसपैस तीन खोल्यांना "छोटंसं घरटं" किंवा "झोपडी" म्हणू नका. खरोखर एका खोलीत राहणाऱ्याला ते बढाईपेक्षा जास्त टोचतं. घर लहान असेल तर लहान म्हणायचीही गरज नाही. नुसतं "घर" म्हणा.

११. मजकूर मोठ्याने वाचा, पण दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवरून.

ओळखीतला एकच माणूस मनात धरा: ज्याचं कर्ज नामंजूर झालंय, किंवा जो दर वर्षी नव्या भाड्याच्या घरात सामान हलवतो. तो शेजारी बसलाय असं समजून वाचा. जिथे तुमचा आवाज आपोआप खाली येतो, ते वाक्य त्याच्यासमोर बोलता येत नाही. तेच काढायचं.

आपल्या तीन ओळी वाचून बघा. भाडेकरू मित्राला त्यात काय सापडतं? एक चांगली मालकीणबाई. हे वाचून तो म्हणेल, "अरे, आमच्याही मालकीणबाई अशाच आहेत," किंवा "आमच्या नाहीत रे अशा!" दोन्ही वेळा त्याच्याकडे बोलायला काहीतरी आहे. "स्वप्न साकार"ला मात्र त्याला अभिनंदनापलीकडे उत्तरच नसतं.

१२. आता फोनमध्ये टाइप करा.

इन्स्टाग्रामवर पहिल्या एक-दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो, म्हणून "पातेलं काकूंचं" हे वरच यायला हवं, आणि ते आपसूक आलंय. चिन्ह एखादंच ठेवा. हात जोडलेले, घर, किल्ली, फटाके, नजर लागू नये म्हणून निळा डोळा अशी मिरवणूक लावली की मजकूर कुणी वाचत नाही. हॅशटॅग शून्य. "आपण धन्य झालो" असं सांगणारे जे इंग्रजी हॅशटॅग असतात, ते तर आत्ताच केलेली सगळी खोडाखोड वाया घालवतात.

जुळवलेला पूर्ण मजकूर असा दिसेल:

"नव्या घरातलं पहिलं दूध उतू गेलं. पातेलं आमच्या डोंबिवलीच्या काकूंचं. ताबा लांबला तेव्हा 'घर मिळेपर्यंत राहा' म्हणाल्या, आणि निघताना हे हातात दिलं, खोकी उघडेपर्यंत दूध तापवायला. काकू, पातेलं न्यायला तुम्हीच यायचं. चहा आमच्याकडे."

१३. लोकेशन काढून टाका.

नव्या घरात अजून सेफ्टी डोअर बसलेलं नसतं, आणि दिवसा दोघंही कामावर असता. पत्ता ज्याला हवा त्याला फोनवर सांगा.

१४. फोटो टाका, आणि काकूंना वेगळा पाठवा.

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि बऱ्याच काकूंना ते उघडायची सवय नसते. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच दिसलं नाही, असं व्हायला नको. फॅमिली ग्रुपवर टाकायचं असेल तर दोन्हीकडच्या ग्रुपवर एकापाठोपाठ टाका. मध्ये जेवायला उठू नका.

१५. येणाऱ्या उत्तरांना उत्तरं द्या.

अभिनंदनाला "धन्यवाद" ठीक. "पार्टी कधी?" याला "सामान लागलं की" म्हणा, तारीख देऊ नका. "कितीला पडला?" हे तिसऱ्या-चौथ्या नंबरवर नक्की येतं. आकडा तिथे लिहू नका, आणि "विचारू नका, कंबर मोडली" असंही नको, तोही आकडाच असतो. "फोन करतो संध्याकाळी" म्हणा आणि खरंच करा. विचारणारा बहुतेक स्वतः घर शोधत असतो, त्याला ऑफिसातल्या मित्राने लिहून दिलेली कागदांची यादी पाठवा.

कुणी "तुमच्या मेहनतीचं फळ" लिहिलं तर वाद घालत बसू नका. हो म्हणा. मेहनत तुम्ही केलीच आहे, दुसऱ्याने म्हटलं तर ते शोभतं.

आणि "आम्हाला सांगितलंसुद्धा नाही" असं एखाद्या आत्याने लिहिलंच, तर तिथे खाली खुलासा टाइप करू नका. फोन उचला.